विणणाऱ्या माणसाला लोकर देताना

मराठीत आपण सगळ्यालाच ‘लोकर’ म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दुकानात त्या नावाखाली मेंढीची लोकर असते, अॅक्रिलिक असतं, दोन्हींचं मिश्रण असतं आणि कधी कधी सुती धागाही असतो. त्यातही प्रत्येकाची जाडी वेगळी. विणणारीला विचारावं, तर माझ्या आत्यासारख्या बाईचं उत्तर ठरलेलं: “कशाला उगाच खर्च? आहे माझ्याकडे सगळं.”

सगळं आहे हे खरंच होतं. साताऱ्याला तिच्या कपाटात एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, त्यात लोकांनी दिलेले सात गुंडे आहेत. सात रंग, प्रत्येकी एकच. देणाऱ्यांनी प्रेमानं दिलेले आहेत, म्हणून ती टाकत नाही. पण एका पन्नास ग्रॅमच्या गुंड्याचं करायचं काय? मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम लागतात, तान्ह्या बाळाच्या स्वेटरला शंभर ते दीडशे. एका गुंड्यात फार तर टोपडं होतं. भेट म्हणून सुंदर दिसणारे ‘पाच रंगांचे दोन-दोन गुंडे’ वजनाला अर्धा किलो भरतात, पण त्यातून एका रंगाचा एकही मोठा स्वेटर होत नाही.

माझ्या दृष्टीनं प्रश्न जरा नाजूकही होता. काका गेल्यानंतर दीड वर्ष आत्याची विणकामाची पिशवी माळ्यावर होती. या दिवाळीनंतर ती खाली आली आणि खुर्चीशेजारी दिसायला लागली. अशा वेळी कुणाच्या मांडीवर अर्धा किलो लोकर ठेवणं म्हणजे भेट कमी आणि कामाची ऑर्डर जास्त. तिच्या हातात आहे त्या कामाशी जुळेल आणि थोड्या दिवसांत संपेल एवढंच द्यायचं, असं मी ठरवलं. त्यासाठी आधी तिच्या हातात काय आहे ते कळायला हवं होतं.

दुपारी ती झोपली होती तेव्हा मी स्टीलची पट्टी घेऊन त्या पिशवीपाशी बसलो. सुईवर एक अर्धवट तुकडा होता. सपाट विणलेल्या भागावर पट्टी ठेवून टाके मोजले: दहा सेंटीमीटरमध्ये सव्वीस. सुईवर एकूण टाके पासष्ट. म्हणजे तुकड्याची रुंदी पंचवीस सेंटीमीटर. ही पाठ असेल तर पुढची बाजू धरून छातीचा घेर पन्नास. बाळाचा कपडा अंगापेक्षा थोडा सैल ठेवतात, तेव्हा हे सहा-आठ महिन्यांच्या बाळाचं स्वेटर. कोणाच्या बाळाचं, ते पट्टी सांगत नाही.

जाडी मोजायलाही पट्टीच पुरते. धागा पट्टीभोवती शेजारी-शेजारी गुंडाळायचा, ताणायचा नाही, एकावर एक चढू द्यायचा नाही, आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजायचे. इथे सोळा बसले. जाड लोकरीचे सात-आठच बसतात. गुंड्यावर ‘४ प्लाय’ वगैरे लिहिलेलं असतं, पण ती फक्त किती पदर एकत्र पिळलेत याची संख्या असते. चार बारीक पदर मिळून दोन जाड पदरांपेक्षा पातळ धागा होऊ शकतो. त्यामुळे दुकानात वेढेच मोजलेले बरे.

आता प्रकार. पिशवीच्या तळाशी कापलेलं बोटभर टोक सापडलं. ते चिमट्यात धरून स्वयंपाकघरातल्या सिंकवर काडी लावली. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांत चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. हे टोक वितळलं आणि त्याचा काळा, कडक मणी झाला: अॅक्रिलिक. आणि ते समजण्यासारखं होतं. बाळाचे कपडे रोज धुतले जातात. साधी लोकर गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये आटते, घट्ट होते, शिवाय टोचते. ‘चांगली’ म्हणून महागडी शुद्ध लोकर आणली असती, तर तीही त्या सात गुंड्यांच्या पिशवीत गेली असती.

राहिल्या सुया. तिच्या जोडीतली एक वाकली होती, टोकावर १० हा आकडा. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश क्रमांक असतात, आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर, दहाची सव्वातीन. अमेरिकन क्रमांक याच्या उलट चालतात. तिथली दहा नंबरची सुई सहा मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. ऑनलाइन दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात आणि दोन्हींवर ‘१०’च लिहिलेलं असतं. तेव्हा नंबर सोडून फक्त मिलिमीटर बघायचे. मी ३.२५ बघून जोडी मागवली.

लोकर मात्र पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानातून हातात घेऊन आणली. रंग ऑफव्हाइट, कारण दोन. गडद रंगाचे टाके ट्यूबलाइटमध्ये नीट दिसत नाहीत आणि तिच्या पिशवीत सगळं फिकंच होतं. दुसरं म्हणजे ते सात गुंडे. मी त्यांचेही वेढे मोजले होते, चार गुंडे याच जाडीचे निघाले. ऑफव्हाइट स्वेटरवर त्यांचे पट्टे बसू शकतात.

दुकानदारानं पहिले दोन गुंडे वरच्या फळीवरून काढले, दोन खालच्या खोक्यातून. शेड नंबर एकच. पण लेबलवर शेडच्या खाली आणखी एक नंबर असतो, तो लॉटचा, म्हणजे एका वेळी एका भांड्यात रंगवलेल्या मालाचा. खोक्यातल्यांचा लॉट वेगळा होता. ट्यूबखाली चौघे सारखे दिसले. दुकानाच्या दारात उन्हात धरले, तेव्हा दोन किंचित पिवळट निघाले. सुटे गुंडे असताना हा फरक नजरेत भरत नाही, पण विणल्यावर पाठीवर सरळ रेघ उमटते. याच कारणासाठी तिच्या सुरू असलेल्या स्वेटरला ‘पुरवणी’ आणण्याच्या फंदात मी पडलो नाही. तिचं लेबल कधीच फाटलं होतं. लॉट जुळत नसेल तर दोन सुया एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या असं आलटून-पालटून विणून फरक लपवता येतो, पण ती कसरत भेटीसोबत कशाला द्यायची?

दुकानदारानं कुरकुरत आणखी एक खोका उघडला आणि एकाच लॉटचे चार गुंडे काढून दिले. दोनशे ग्रॅम, म्हणजे एक बाळाचं स्वेटर आणि वर टोपडं. लेबल न काढलेले गुंडे परत घेईन, असं बिलावर लिहूनही दिलं.

पुढच्या रविवारी साताऱ्याला गेलो. आत्यानं “कशाला?” म्हटलंच. मग चष्मा लावला, चारही गुंडे खिडकीपाशी नेले, लेबलं एकेक करून डोळ्यांजवळ धरली आणि तिसऱ्या लेबलावर थांबून विचारलं, “लॉट एकच आहे ना रे?”