मिरजेला गाडी उलटी फिरते

आमच्या बिद्रीत रेल्वे नाही. कारखाना आहे, ऊस आहे, कोल्हापूरला जाणारी एसटी आहे. त्यामुळं रेल्वेप्रवास म्हटलं की आधी पहाटेची एसटी, मग कोल्हापूर स्टेशन आणि मग कोयना एक्सप्रेस. सकाळी निघते, रात्री मुंबईत पोचवते. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं त्या गाडीनं गेलो. एकाला मुंबईत नोकरी लागली होती. जाताना चौघं, येताना तिघं, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

त्यामुळं गाडी हलताच भेंड्या सुरू झाल्या. गाण्यांच्या भेंड्यांना डोकं लागतं. शेवटचं अक्षर ‘ळ’ आलं की समोरचा मेला, कारण ‘ळ’नं सुरू होणारं गाणं आणणार कुठनं? म्हणून आमच्यात आधीच ठरतं : ‘ळ’ला ‘ल’ चालेल, ‘ण’ला ‘न’ चालेल, आणि किमान दोन ओळी म्हणायच्या. दोन ओळींचा नियम नसेल तर लोक पहिले तीन शब्द फेकून मोकळे होतात. मग गाणं होत नाही, नुसती अक्षरांची मारामारी होते.

वळिवडे गेल्यावर पंचगंगेचा पूल लागला. पुलावर डब्याचा आवाज एकदम वाढतो, म्हणून सगळेच ओरडायला लागतात, आणि पूल संपला तरी तो वरचा सूर काही खाली येत नाही. तिथंच घोळ झाला. आमच्या नोकरीवाल्यानं लताबाईंचं एक गाणं त्याच वरच्या पट्टीत धरलं. मुखडा निघाला, टाळ्या पडल्या. अंतरा आला आणि चौघांचेही आवाज एका जागी फाटले. पलीकडच्या बाकावरची आजी पदरात हसली.

“खाली घे की भावा, वर जाऊन कुठं बसणार हाईस?”

याला उपाय सोपा आहे. सुरुवात करणाऱ्यानं अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ आधी हळूच गुणगुणून बघायची. ती आरामात निघाली तरच त्या सुरात मुखडा धरायचा. मुखडा जरा खालचा, मिळमिळीत वाटतो, पण गाणं शेवटपर्यंत पोचतं. त्यानं तेच गाणं पुन्हा धरलं, या वेळी खाली, आणि आजीपण त्यात आली. ‘सैराट’च्या ‘झिंगाट’ला मात्र ही काळजी लागत नाही. तिथं ठेका सगळ्यांना ओढून नेतो, सूर चुकला तरी बाकावरची थाप चुकत नाही.

मिरजेला गाडी थांबली. इथं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या दिशेनं निघते. तोवर पुढं बघत बसलेला माणूस आता मागं सुटणारी गावं बघायला लागतो. आमचा नोकरीवाला तसा बसला होता. जागा बदलू का विचारलं, तर नको म्हणाला. ऊस मागं जाताना बघत राहिला, आणि भेंड्या आपोआप थांबल्या.

मिरज हे उस्ताद अब्दुल करीम खाँचं गाव. जन्म कैरान्याचा, पण ते राहिले इथं, आणि त्यांची कबरही इथल्याच दर्ग्याच्या आवारात आहे. 1937 साली पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत बरं वाटेना, म्हणून ते वाटेतल्या एका छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावरच त्यांनी गात प्रार्थना केली आणि तिथंच प्राण सोडला, असं सांगतात. मी हे सांगितलं आणि त्यांची झिंझोटीतली ठुमरी लावली. जुनी तबकडी, जेमतेम तीन मिनिटांची. एकच इअरफोन, एक कान त्याला, एक मला.

खिडकीजवळ कुठलं गाणं चालतं, ते मला तेव्हा कळलं. खिडकी उघडी असली की चाकांचा खडखडाट बारीक वाद्यं खाऊन टाकतो. तबला जातो, तंबोरा जातो, उरतो तो आवाज. म्हणून ज्यात गळा पुढं आणि साथ मागं आहे, तेच गाणं इथं टिकतं. शब्दही कमी हवेत, नाहीतर आपण शब्दांच्या मागं लागतो आणि बाहेरचं शेत बघायचं राहतं. खाँसाहेबांचा बारीक, लांबणारा सूर त्या खडखडाटातूनही येत होता. गाणी फोनवर आधीच उतरवून घेतलेली बरी. आदर्कीच्या आणि पुढं शिंदवण्याच्या घाटात रेंज जाते आणि नेमकी समेवर गाणी अडकतात.

जेजुरीला गड दिसला तेव्हा आजीनंच खंडोबाचं गाणं धरलं. आम्ही मागं ओढलो, या वेळी खालच्या सुरात. खंडाळ्यात अंधारून आलं. बोगदा आला की सगळे ओरडतात, आम्ही नाही ओरडलो.

मुंबईत उतरताना त्यानं इअरफोन परत दिला. “ते मिरजेचं पाठव,” एवढंच म्हणाला.

येताना आम्ही तिघं होतो. भेंड्या खेळलो, पण दोन बाजू जुळेनात. मिरज आली, इंजिन बदललं, आणि या वेळी उलटं तोंड करून मी बसलो.