डाव्या पानावरचे प्रश्न

जॉन स्टाइनबेकनं १९५१ साली ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहायला घेतली तेव्हा एका मोठ्या वहीच्या उजव्या पानावर कादंबरी लिहिली आणि डाव्या पानावर पत्रं. पत्रं पास्कल कोविचीला, म्हणजे त्याच्या संपादक-मित्राला; वहीही त्यानंच दिलेली. रोज कादंबरीला हात घालण्याआधी स्टाइनबेक डावं पान उघडायचा. आज काय लिहायचंय, कोणतं पात्र हटून बसलंय, पेन्सिली कशा चालताहेत, सगळं तिथं. हे २९ जानेवारीला सुरू झालं आणि १ नोव्हेंबरला थांबलं. तो गेल्यावर, १९६९ साली, ती पत्रं पुस्तकरूपानं आली. त्या कादंबरीविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, पण माझं मन अडकलं ते त्या डाव्या पानात. समोरच्या पानावर घर उभं राहतंय आणि इकडे गवंडी स्वतःशीच बोलतोय.

मी अंबाजोगाईच्या बाजारातून लाल कापडी बांधणीची जाड वही आणली, दुकानदार रोजमेळाला वापरतात तसली. माझी कादंबरी धारूर-केजच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड्यांची, त्यांतल्याच गोदाची. ज्याला लिहावं असा कोविची मला नाही, म्हणून माझ्या डाव्या पानावर पत्राऐवजी प्रश्न असतो आणि त्याखाली उत्तर. वर तारीख. एका तारखेला एकच प्रश्न.

प्रश्न कसा विचारावा, यावर सगळं अवलंबून आहे. ‘गोदाचं पुढं काय होणार?’ असं लिहिलं की लेखणी तिथंच बसते. या प्रश्नाला तोंडच नाही, उत्तर शिरणार कुठून? त्याऐवजी ‘गोदा फडात लेकरू कुठं ठेवते?’ असं लिहावं. याचं उत्तर एका जागेत मावतं, डोळ्यांना दिसतं, आणि ते चूक की बरोबर हे कुणाला तरी विचारता येतं. दुसरी गोष्ट उत्तराची. प्रत्येक उत्तरासमोर मी एक अक्षर लिहितो. ‘अं’ म्हणजे अंदाज, ‘वि’ म्हणजे विचारून आलो, ‘ठ’ म्हणजे ठरवलं. लांब पल्ल्याच्या लिखाणात खरा घोटाळा इथंच होतो. वर्षभरानं माणूस स्वतःचंच वाक्य वाचतो, आणि हे कुणी सांगितलेलं की आपणच रचलेलं, ते त्याला आठवत नाही. रचलेलं खरं वाटू लागतं आणि त्यावर पुढची तीन प्रकरणं उभी राहतात. तिसरी गोष्ट, जुनं उत्तर खोडायचं नाही. नवं उत्तर नव्या तारखेला लिहायचं आणि जुन्यापाशी फक्त ती तारीख टाकायची.

गोदाच्या लेकराचंच घ्या. पहिलं उत्तर होतं, ‘बांधावरच्या झाडाला झोळी बांधून.’ समोर ‘अं’. मग केजकडच्या एका बाईंना विचारलं. उभा जन्म कोयता धरलेल्या त्या बाई. त्या म्हणाल्या, “भाऊ, दरवेळी झाड कुठून आणायचं? गाडीच्या सावलीला निजवायचं, खाली वाढं अंथरायचं.” वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बैलांचा चारा तोच आणि लेकराचं अंथरूणही तेच. मी ‘वि’ लिहिलं आणि तिथंच थबकलो. गाडी म्हणजे बैलगाडी. माझ्या कादंबरीत गोदा आणि तिचा नवरा डोकी सेंटरवर होते. तिथं ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये भरायच्या. त्यांच्याजवळ गाडी नाहीच.

आता दोन वाटा होत्या. एक तर लेकराची सावली बदलायची, नाही तर जोडप्याचं सेंटर. मी सेंटर बदललं. दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर पुढचा प्रश्न आपोआप आला: ‘बैल कुणाचे?’ गाडी कारखान्याकडून मिळते, बैल मात्र तोडणाऱ्याचे स्वतःचे. म्हणजे बैलजोडी घ्यायला मुकादमाकडून उचल जास्त घेतलेली असणार. गाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ पडतो. तिथून पहाटेच्या अंधारात फडाकडे निघायचं, तोडायचं, भरायचं, आणि परत येऊन वजनकाट्यापुढच्या रांगेत उभं राहायचं. रांग रात्रीपर्यंतही चालते. म्हणजे गोदाच्या नवऱ्याची संध्याकाळ कोपीत जाणार नाही, रांगेत जाईल. मी लिहिलेला कोपीतल्या भांडणाचा प्रसंग रांगेत सरकला, बैलांच्या शिंगांमध्ये, चार माणसांच्या देखत. आणि हंगामाच्या मध्यात तो पळून जातो असं जे आधी ‘ठ’ होतं, तेही डळमळलं. बैल सोडून माणूस सहज पळत नाही.

एवढं सगळं एका सावलीपायी झालं. उजव्या पानावर आज रांगेतलं भांडण सरळ वाचलं जातं, जणू ते पहिल्यापासून तिथंच होतं. ते तिथं कसं पोचलं, हे फक्त डाव्या पानाला ठाऊक आहे.

या वहीची एक अडचणही सांगतो. तारखेप्रमाणे लिहिलेलं सापडत नाही. म्हणून शेवटच्या पानांवर पात्रांची नावं आणि त्यापुढं तारखा मांडतो. तेवढी सूची पुरते. याहून मोठा धोका वेगळा आहे. डावी पानं भराभर भरू लागली आणि उजवी कोरी राहिली, की ओळखावं: प्रश्न विचारणं हेच लिहिणं होऊन बसलंय. तेव्हा मी आठवडाभर नवा प्रश्न लिहीत नाही.

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. जवळजवळ चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा विषय, ओव्या आणि आकृत्या. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ लिहिला, तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची, अशी आख्यायिका गावात आहे. मला त्या शाईपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. सव्वा लाख ओव्यांमध्ये एखाद्या शब्दाचा अर्थ आपण कुठल्या अध्यायात कसा लावला होता, हे ते कसे लक्षात ठेवत असतील? काही टाचण होतं का? शिष्य बाजूला बसून आठवण करून देत का? त्यांच्या आधी, शके १११० मधला मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ तर गुरुशिष्याच्या संवादातच आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. मुकुंदराजांची समाधीही याच गावात, डोंगराच्या कुशीत. पण तिथला प्रश्न आधीच घासूनपुसून घेतलेला आहे, त्याचं उत्तर गुरूला माहीत आहे. मला हवा तो प्रश्न, ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही त्या दिवशी माहीत नव्हतं. तसा कापडाचा एखादा तुकडा दासोपंतांनी ठेवला असता तर मी तो पासोडीहून जास्त वेळ पाहत बसलो असतो. आकृती काढण्याआधी कोळशानं आखलेल्या रेघा, कुठं जागा कमी पडली, कुठली ओवी आधी सुचली. चाळीस फूट कापडावर मागं जाऊन दुरुस्त करणं सोपं नाही. तेव्हा दुरुस्ती आधीच कुठंतरी झाली असणार. कशावर? वाळूवर? पाटीवर? की नुसती मनात?

स्टाइनबेकनं ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहितानाही, १९३८ साली, रोजनिशी ठेवली होती. ती कादंबरीही घरदार सोडून शेतमजुरीला निघालेल्या माणसांचीच. तिच्यातले लोक ट्रकमध्ये गाद्या आणि भांडी लादून निघतात; इथं दसऱ्या-दिवाळीनंतर आमच्या रस्त्यांवरून तसेच ट्रक जातात, वर शेळी आणि तिच्या शेजारी म्हातारी. पण ती रोजनिशी कोविचीच्या पत्रांसारखी मोकळी नाही. तिच्यात धाप आहे, आज होईल का, उद्या होईल का, अशी. मला पत्रंच आवडतात.

सध्या माझ्या डाव्या पानावर प्रश्न आहे: ‘पट्टा पडल्यावर बैल विकले तर उचल फिटते का?’ उत्तराच्या जागी ‘अं’ लिहून ‘अर्धी’ असं टाकलंय. नेकनूरच्या बाजाराला जायचंय, तिथं बैल विकायला आलेल्या एखाद्या गाडीवाल्याला विचारीन. मग गोदाच्या नवऱ्याला पुढच्या हंगामालाही तोच मुकादम की दुसरा, ते ठरेल.