ओटीभरणाचे गीत

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एका श्वेतांबर घरी सुनेचे सातव्या महिन्यातील ओटीभरण ठरले. गीत रचण्याचे काम आत्येसासूबाईंकडे आले. सुनेचा पहिल्या खेपेचा गर्भ टिकला नव्हता. म्हणून प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागणार होता.

विषय ओघानेच सुचला : त्रिशलामातेची स्वप्ने. श्वेतांबर परंपरेत ती १४, दिगंबर परंपरेत १६. सुनेचे माहेर दिगंबर. तेव्हा गीतात संख्या न घालता दोन्ही परंपरांत असलेली हत्ती, पूर्ण चंद्र आणि पद्मसरोवर ही तीनच स्वप्ने त्यांनी घेतली.

कल्पसूत्रात पुढे एक प्रसंग येतो. मातेला त्रास होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले. त्यामुळे ती शोकाकुल झाली, तेव्हा त्यांनी किंचित हालचाल केली आणि तिचा आनंद परतला. आत्येसासूबाईंनी शोक गाळला, हालचाल तेवढी ठेवली :

हळूच हालते बाळ, हसे माउली गालात,
जसे डुलते कमळ सरोवराच्या जळात.

‘दृष्ट न लागो’, ‘संकट टळो’ अशा ओळी त्यांनी घेतल्या नाहीत. संकट टळो म्हणताना आधी त्याचेच नाव ओठांवर येते. ‘पुत्रवती हो’ हेही टाळून ‘बाळ’ हाच शब्द ठेवला, म्हणजे मुलगी आली तरी गीत तिचेच राहील.

ओटीत तांदूळ आणि नारळ पडताना स्त्रियांनी हीच दोन चरणे पुन्हा पुन्हा म्हटली. तिसऱ्या वेळी सूनही त्यांच्या सुरात मिसळली.