पंजाबची काडेपेटी

यंदा अभ्यासिकेच्या भिंतीवर एक तक्ता लावायचा आम्ही ठरवलं. उत्तर प्रदेश, महाराष्ट्र आणि पंजाब या तीन राज्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशी लोकसंख्या किती, ते दाखवायचं होतं. आकडे 2011 च्या जनगणनेचे. कार्डशीट, पट्टी, तीन रंगांचे स्केचपेन. शाळेत नववीच्या गणितात ज्याला विभाजित स्तंभालेख म्हणतात, तोच आम्ही काढला. प्रत्येक राज्याचा एक उभा स्तंभ आणि त्यात एकावर एक गटांचे रंग. निळा रंग अनुसूचित जातींचा, हे सांगायला नकोच.

उत्तर प्रदेशची लोकसंख्या 19.98 कोटी, म्हणून त्याचा स्तंभ 20 सेंटिमीटरचा घेतला. मग महाराष्ट्राचा, 11.24 कोटींचा, सव्वाअकरा सेंटिमीटर झाला. पंजाब 2.77 कोटींचा. त्याचा स्तंभ तीन सेंटिमीटरही भरेना, जणू उभी ठेवलेली काडेपेटी. त्यातला निळा भाग एका सेंटिमीटरहून कमी. उत्तर प्रदेशात निळा चार सेंटिमीटर, आपल्याकडे सव्वा.

तक्ता लागला. संध्याकाळी एक तरुण कार्यकर्ता त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "पंजाबात आपली माणसं नावालाच आहेत की!" आम्हीही मान डोलावली. चित्र तेच तर सांगत होतं.

मागे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसलेली एक ताई म्हणाली, "दादा, देशात अनुसूचित जातींचं प्रमाण सगळ्यात जास्त पंजाबात आहे. जवळपास बत्तीस टक्के."

आम्ही गप्प. तिचं बरोबर होतं, आणि आमचा एकही आकडा चुकलेला नव्हता. पंजाबात अनुसूचित जातींचे 88.60 लाख लोक आहेत, उत्तर प्रदेशात 413.58 लाख, महाराष्ट्रात 132.76 लाख. तेच आम्ही काढलं होतं. चुकलं होतं ते आम्ही चित्राला विचारलेला प्रश्न आणि चित्र देत असलेलं उत्तर यांचं नातं. आम्हाला विचारायचं होतं की त्या त्या समाजात आपला वाटा किती. चित्र मात्र आधी राज्य किती मोठं आहे ते सांगत होतं, आणि निळा रंग त्या मोठेपणाच्या ओझ्याखाली दबला होता. एकूण बेरजा जिथे समान नाहीत, तिथे रंगाच्या उंचीवरून वाटा वाचताच येत नाही.

यावर उपाय त्याच नववीच्या पुस्तकात आहे. त्याचं नाव शतमान स्तंभालेख. सगळे स्तंभ सारख्या उंचीचे, प्रत्येकाची उंची म्हणजे शंभर टक्के. प्रत्येक भागाला त्याच राज्याच्या एकूण लोकसंख्येने भागायचं. 88.60 भागिले 277.43 म्हणजे 31.9 टक्के. उत्तर प्रदेश 20.7, महाराष्ट्र 11.8. आता पंजाबचा निळा रंग वीसपैकी 6.4 सेंटिमीटर चढला, उत्तर प्रदेशचा 4.1 वरच राहिला आणि आपला 2.4 झाला. क्रमच बदलला. निळा रंग तळाशी ठेवायचा, म्हणजे तिन्ही स्तंभांत त्याची सुरुवात एका रेषेवर येते आणि डोळ्यांना तुलना करता येते. मधल्या रंगाला ही सोय मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी हेच संगणकावर करायला बसलो आणि दोनदा फसलो. ते सांगायलाच हवं, कारण ही चित्रं तुम्हीही मोबाईलवर फिरवणार आहात.

पहिल्यांदा पंजाबचा निळा 16 टक्के दिसला. बराच वेळ डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की आम्ही "एकूण" हा रकानाही चित्रासाठी निवडला होता. संगणकाने त्यालाही एक गट समजून स्तंभात रचलं, आणि सगळे वाटे निम्मे झाले. ही चूक ओळखणं सोपं आहे. प्रत्येक स्तंभाचा एक रंग बरोबर अर्धा स्तंभ व्यापून बसलेला दिसतो. म्हणून चित्र काढण्याआधी टक्के स्वतः काढून पाहावेत. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर हे आकडे B, C, D या रकान्यांत असतील, तर F2 मध्ये एवढंच लिहायचं आणि उजवीकडे, मग खाली ओढायचं:

```
=B2/SUM($B2:$D2)
```

दुसरी चूक जास्त धोक्याची होती, कारण ती दिसायला अगदी बरोबर दिसते. रांगा आणि रकाने उलटे झाले. आता स्तंभाखाली राज्यांऐवजी गट आले, आणि अनुसूचित जातींच्या स्तंभात उत्तर प्रदेश 65 टक्के, महाराष्ट्र 21, पंजाब 14. बेरीज शंभर, रंग छान. पण हा प्रश्नच वेगळा: या तीन राज्यांतल्या अनुसूचित जातींपैकी किती जण कुठे राहतात. स्तंभाच्या खाली ज्याचं नाव लिहिलंय, त्याचेच ते शंभर टक्के असतात. तेवढं आधी वाचलं की गोंधळ होत नाही.

उत्तर प्रदेश तर इथे खास चकवतो. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती 20.7 टक्के, आणि देशातल्या 20.14 कोटी अनुसूचित जातींपैकी उत्तर प्रदेशात राहणारे 20.5 टक्के. दोन्ही आकडे चिकटून, म्हणून भाषणात सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरला जातो आणि कुणी पकडत नाही. पंजाबला लावून पाहा: 31.9 आणि 4.4!

मग एकाने सुचवलं, महाराष्ट्राच्या स्तंभात बौद्धांचाही रंग घालू. मनातून आम्हा सगळ्यांनाच ते हवं होतं. 2011 ला राज्यात 65.31 लाख बौद्ध नोंदले गेले. पण 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्तीचीही अनुसूचित जातीत नोंद होते. म्हणजे एकच माणूस दोन रंगांत मोजला गेला असता आणि स्तंभ शंभराच्या वर गेला असता. प्रत्येक माणूस एकाच रंगात, एकदाच, आणि कुणीही बाहेर नाही, ही अट जिथे पाळली जात नाही तिथे शतमान आलेख काढू नये. बौद्धांसाठी धर्माचा वेगळा तक्ता काढायचं ठरलं.

आता आमच्यातच एक वाद उरला. पहिला तक्ता फेकून द्यायचा का? आमचं मत, नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची माणसं पंजाबच्या दीडपट आहेत. वसतिगृहात खाटा किती लागतील ते या संख्येवरून ठरतं, टक्क्यांवरून नाही. शतमान आलेख ही संख्या पूर्ण झाकतो. पावणेतीन कोटी आणि वीस कोटी तिथे एकाच उंचीचे दिसतात. आणि वाटा म्हणजे सत्ता, असंही तो सांगत नाही. मान्यवर कांशीराम साहेब पंजाबच्या रोपड जिल्ह्यातले, पण त्यांच्या पक्षाला मुख्यमंत्रिपद मिळालं ते 1995 ला उत्तर प्रदेशात, जिथे निळा स्तंभ पंजाबहून बराच बुटका आहे. ते का, याचं उत्तर कुठल्याही स्तंभात नाही. ते शोधायला त्या निळ्या रंगाच्या आतल्या जाती, शेती, जमीन यांच्याकडे जावं लागेल, आणि आमच्या तक्त्यात तो सगळा एकसारखा निळाच आहे.

शेवटी नवा तक्ता भिंतीवर लागला. प्रत्येक स्तंभाखाली राज्याच्या नावासोबत एकूण लोकसंख्या लिहिली: 19.98 कोटी, 11.24 कोटी, 2.77 कोटी. ताईने जवळ येऊन पट्टीने पंजाबचा निळा मोजला, सहा पूर्णांक चार, आणि पुन्हा अभ्यासाला बसली. जुना तक्ता तिच्या मागच्या भिंतीवर आहे, त्यावर आता मोठ्या अक्षरात "माणसं किती" असं लिहिलंय. नव्यावर लिहिलंय, "शंभरात किती".