शिवारफेरीचं पोस्टर : आधी छपाईचं माप, मग मोबाईलचं

आमच्या गटाची हरभऱ्याची शिवारफेरी 18 जानेवारीला, रविवारी ठरली. प्लॉट फुले विक्रमचा आहे. हा वाण उंच वाढतो, यंत्रानं काढता येतो, आणि तेच लोकांना दाखवायचं होतं. घाटे भरत असतानाच बघण्यात मजा, पुढं ढकलली की झाड वाळतं आणि फेरीत अर्थ राहत नाही. त्यामुळं निमंत्रण वेळेत आणि वाचता येईल असं जाणं गरजेचं होतं. पोस्टर आणि पत्रिका मोबाईलवर कॅनव्हामध्ये, फुकटच्या खात्यावर केली. काही गटवाल्यांनी कसं केलं म्हणून विचारलं, म्हणून लिहितोय.

बहुतेक जण आधी व्हॉट्सॲपचं चौकोनी चित्र करतात आणि तेच प्रेसवाल्याला पाठवतात. इथंच घोळ होतो. ते चित्र असतं 1080 ठिपके रुंद. ए-थ्री कागद 297 मिलिमीटर, म्हणजे 11.7 इंच रुंद. 1080 ला 11.7 नं भागा, इंचाला जेमतेम 92 ठिपके पडतात. हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला 300 च्या आसपास लागतात. म्हणून अक्षरांच्या कडा धुरकट येतात आणि दोष मशीनला दिला जातो. आम्ही सुरुवातच `Custom size` मध्ये 297 बाय 420 मिलिमीटर टाकून केली. ठिपक्यांऐवजी `mm` निवडायला विसरू नका. मोठ्यावरून लहान करता येतं, लहानावरून मोठं नीट होत नाही.

फोटोचंही तेच गणित. गटातल्या एका पोरानं हरभऱ्यात उभं राहून काढलेला फोटो झकास होता, पीक माणसाच्या कुठवर येतं ते लगेच कळत होतं. पण माझ्याकडं तो व्हॉट्सॲपवरून आला होता, आणि साध्या पद्धतीनं पाठवला की तिथं फोटो आकसतो. आलेला फोटो साधारण 1600 ठिपके रुंद होता, म्हणजे पूर्ण रुंदीला लावला तर इंचाला 137. त्याच्या मोबाईलमधला मूळ फोटो 4000 रुंद होता, म्हणजे इंचाला 342. मूळ फोटो `Document` म्हणून मागवला आणि तोच लावला. फोटोला अर्धा कागद दिला, पाहुण्यांचे गोल फोटो लावलेच नाहीत, फक्त नावं. यावर एकदोघांची नाराजी झाली, पण लोक पीक बघायला येणार आहेत, चेहरे नाही.

आता मराठी अक्षरांचं. कॅनव्हातले तयार नमुने बहुतेक इंग्रजीसाठी बांधलेले असतात. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलेलं असतं. त्यात तुम्ही ‘शिवारफेरी’ टाइप केलं की वरची शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या दातांसारखा दिसतो. अशा वेळी फॉन्ट बदलत बसू नका, `Letter spacing` शून्यावर आणा, रेघ जुळते. ज्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते तिथं दुसराच फॉन्ट गुपचूप येऊन बसतो, मग तुम्ही नाव काहीही निवडा, अक्षर तेच दिसतं. मुक्ता किंवा बालू घेतला की हा प्रश्न येत नाही. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेत.

आणखी एक, ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द. मागच्या वेळी एका प्रेसनं आमचा मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये परत टाइप केला आणि छापून आलं ‘शेतकर्यांनी’, वर रफार घेऊन. शंभर पत्रिकांवर तोच शब्द. या ठिकाणी नुक्तावाला ऱ लागतो, साधा र टाकला की रफार वर चढतो. प्रेसला मजकूर वेगळा देऊच नये, तयार पीडीएफ द्यावी. मग कुणी परत टाइप करत नाही.

पीडीएफ काढायच्या आधी कडांचं बघा. कटिंग मशीन एखाद-दोन मिलिमीटर इकडंतिकडं होतंच. मागची हिरवी पट्टी कागदाच्या बरोबर कडेला संपली असेल तर कापल्यावर पांढरी चीर दिसते. म्हणून `Show print bleed` चालू करायचं आणि मागचा रंग, फोटो त्या तुटक रेघेच्या बाहेरपर्यंत ओढायचा. ही जागा 3 मिलिमीटरची असते. उलट तारीख, वेळ, गट नंबर कडेपासून निदान 10 मिलिमीटर आत ठेवायचं. आमच्या पहिल्या मांडणीत गट नंबर अगदी खाली गेला होता, पुतण्यानं बघितलं आणि वर घेतला. तो कापला गेला असता तर बाहेरगावचा माणूस शिवारात फिरतच राहिला असता.

मग `Download`, त्यात `PDF Print`, आणि `Crop marks and bleed` वर खूण. छपाईचे रंग, म्हणजे सीएमवायके, हे पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात. फुकटात फाईल स्क्रीनच्या रंगात निघते. याचा परिणाम असा की मोबाईलवर झगमगणारा पोपटी कागदावर मळकट येतो. आम्ही गडद हिरवा आणि पिवळा घेतला, आणि सगळा गठ्ठा टाकायच्या आधी एक प्रत काढून उन्हात बघितली. मुकुटाची खूण असलेलं चित्र वापरलं तर त्यावर पाणछाप येते, तेवढं टाळा.

मोबाईलसाठी वेगळी आवृत्ती केली. आयतं माप बदलून देणारी सोय पैसेवाल्यांना आहे, म्हणून 1080 बाय 1350 चं नवं पान उघडलं आणि पोस्टरवरचं उचलून चिकटवलं. पण सगळं नाही. ए-थ्रीवर चौदा ओळी होत्या, इथं पाचच ठेवल्या : काय, कुठं, कधी, कोण बोलणार आणि फोन. चित्र आधी स्वतःलाच पाठवून, मोठं न करता, हात लांब करून वाचलं. माझ्या चष्म्याला जे वाचता येईना ते काढून टाकलं.

जागेचा क्यूआर कोड फक्त कागदावर ठेवला. मोबाईलवर आलेला क्यूआर त्याच मोबाईलच्या कॅमेऱ्यानं कसा वाचणार? चित्रावर छापलेली लिंकही दाबली जात नाही. म्हणून नकाशाची लिंक चित्राखालच्या मजकुरात टाकली.

पाठवून दोन दिवस झाले आणि शास्त्रज्ञ साहेबांचा फोन आला, 9:30 ऐवजी 10:30 ला पोचतो म्हणाले. चित्र पुढं कुठं कुठं गेलेलं, आपल्या ग्रुपमधून काढलं तरी दुसऱ्यानं पुढं ढकललेलं तसंच राहतं. नुसती वेळ बदलून तेच चित्र टाकलं असतं तर लोकांना दोन्ही सारखीच दिसली असती. म्हणून हिरव्याच्या जागी वर लाल पट्टी घेतली, ‘सुधारित वेळ 10:30’ मोठ्या अक्षरात, आणि चिकटवलेल्या पोस्टरवर तेवढ्याच मापाची छापील पट्टी डकवली. दूध संकलन केंद्रावरची पट्टी दवानं सुटली होती, ती परत लावली.