दमट हवेत परतणारा दर्प

आमच्या घरातील निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सुती सतरंजी पर्युषणात माळ्यावरून खाली उतरते. शेजारच्या चार-पाच घरांतील स्त्रिया सायंकाळी प्रतिक्रमणासाठी आमच्याकडेच जमतात. गेल्या वर्षी ती अंथरली आणि पाव तासातच मांजराच्या मूत्राचा उग्र दर्प खोलीभर पसरला. कोणी शब्दाने काही बोलले नाही. वडीलधाऱ्या बायकांनी आपापली कटासने उचलली आणि त्या ओटीवर जाऊन बसल्या. ते मौनच मला अधिक लागले.

मांजर मीच घरात घेतले होते. सासूबाई रात्री एवढेच म्हणाल्या, "अगं, मुका जीव आहे, त्याला बाहेर काढ असं मी म्हणणार नाही. पण या सतरंजीवर मला आता बसवत नाही." सतरंजी त्यांच्या सासूबाईंच्या वेळची होती.

वास्तविक चैत्रात डाग दिसताच मी ती व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुतली होती. उन्हात वाळल्यावर वास मुळीच येत नव्हता. मग भाद्रपदात तो आला कोठून?

मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते. नाकाला झोंबतो तो हा अमोनिया, आणि व्हिनेगर त्याला शमवते. परंतु मूत्रात यूरिक आम्लही असते. ते साध्या पाण्यात जेमतेम विरघळते आणि आम्लात त्याहूनही कमी. म्हणजे व्हिनेगरने मी वास तेवढा झाकला आणि त्याचे मूळ धाग्यांत तसेच ठेवले. कोरड्या हवेत हे स्फटिक निमूट पडून राहतात. नेरळात मात्र श्रावण-भाद्रपदात माथेरानच्या डोंगरावरून ढग थेट गल्लीत उतरतात. दुकानातील गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो, तसेच सुतातही पाणी शिरते. ओल मिळताच तेथे अडकलेला दर्प पुन्हा मोकळा होतो.

पावसाळ्यात सतरंजी धुण्यात अर्थ नव्हता. जाड सूत दोन-दोन दिवस ओले राहिले की कुबट वास धरते आणि कोणता वास कशाचा, तेच कळेनासे होते. म्हणून कार्तिकातील उन्हाची वाट पाहिली.

प्रथम निळ्या पट्टीच्या कोपऱ्यावर धुण्याच्या सोड्याचे पाणी लावून पांढरे फडके दाबून ठेवले. फडक्यावर अगदी फिकट रंग उतरला. तेवढा मला चालण्यासारखा होता. मग वीस लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी सोडा विरघळवून सतरंजी तीन तास बुडवून ठेवली. (खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा, हातमोजे हवेतच.) क्षारयुक्त पाण्यात यूरिक आम्ल बरेच अधिक विरघळते आणि सुताला क्षार सोसतो. लोकरीच्या कटासनाला मात्र हा उपाय चुकूनही करू नये. लोकर खराब होते. पाणी कढतही नको, कारण कढत पाण्याने मूत्रातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. नंतर पाणी निवळ येईपर्यंत सतरंजी खळबळली. दोघींना ती पिळवेना. शेवटी दुकानातील मुलाला हाक मारावी लागली.

दुसरा टप्पा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणाचा. सासूबाईंनी विचारले, "यात जीव तर नाहीत ना?" प्रश्न रास्त होता, काही बाटल्यांत जिवंत जिवाणू असतात, काहींत केवळ एन्झाइम. आम्ही लेबल वाचून दुसऱ्या प्रकारची आणली. मूत्र जितके खोल मुरले तितके खोल हे द्रावण पोहोचले पाहिजे. म्हणून नुसते शिंपडून न थांबता डागाच्या चारी बाजूंना वीतभर अधिक भिजवले आणि ते वाळू नये म्हणून रात्रभर वर प्लास्टिक अंथरले. वाळले की एन्झाइमचे काम थांबते. सोडा किंवा साबण धाग्यात उरला असेल तरीही ते मंदावते. आधीच्या खळबळण्याचे महत्त्व यासाठीच. ब्लीचिंग पावडर मात्र मी घराबाहेर ठेवली होती. मूत्रातील अमोनियाशी तिचा संयोग झाला की विषारी वायू निघतो.

दोन दिवसांच्या कडक उन्हानंतर खरी परीक्षा घेतली. वाळलेल्या सतरंजीवर वास येत नाही, हा पुरावा नव्हे, हे मी चैत्रात शिकले होते. ओल्या फडक्याने डागांच्या जागा दमट करून अर्ध्या तासाने नाक लावले. तीन जागा स्वच्छ निघाल्या. चौथीवर, कोपऱ्यात, पुसट दर्प होता. तेवढ्यापुरते द्रावण पुन्हा एक रात्र लावले.

तरीही ओली फरशी पुसताना तोच वास यायचा. शोध घेता शहाबादी फरशीच्या दरजा हे कारण निघाले. सतरंजीतून झिरपलेले मूत्र तेथे मुरले होते. उरलेले द्रावण त्या दरजांत ओतून एक रात्र झाकले.

मांजराला पशुवैद्यांकडे नेले, तेव्हा त्याला मूत्रमार्गाची व्याधी असल्याचे कळले. औषध सुरू झाले. वाळूचे घमेले आता मोरीजवळ असते. निळा रंग थोडा उतरला आहे. आषाढात पहिली झड लागली तेव्हा सासूबाईंनीच सतरंजी अंथरायला सांगितली, आणि वाटाणे सोलत त्या दुपारभर तिच्यावर बसून राहिल्या.