शंकेचं पान

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत पोरं प्रोजेक्ट सांगतात, तेव्हा ती कुठे अडकतात हे मला आता पुरतं माहीत आहे. प्रोजेक्ट काय करतो, हे त्यांना सांगता येतं. घोटाळा बिघाडाजवळ होतो. बिघाडाचं कारण एकदा कळलं, की ते कळण्याआधी आपल्याला काय वाटत होतं हे मुलगा विसरून जातो. मग तो म्हणतो, ‘‘सेन्सर खराब झाला होता, बदलला.’’ एका वाक्यात सगळं संपतं आणि समोरच्याला विचारायला काही उरत नाही. तो पुढचा प्रश्न ओहमच्या नियमावर विचारतो. मुलाखत प्रोजेक्ट सोडून पुस्तकाकडे वळली, की प्रोजेक्टचा उपयोग संपला असं समजावं.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स मेंटेनन्सला होतो. तिथे बरीच वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून नव्या डिप्लोमावाल्यांच्या मुलाखती घेतल्या. निवृत्तीनंतर टेबलाची बाजू बदलली आणि पोरांची तयारी करून घेऊ लागलो. माझी पोरं गोटीबंद उत्तरं देत. ‘‘हा तुमचाच ना?’’ असं जुने सहकारी फोनवर विचारत, तेव्हा मला फार बरं वाटे. त्या सुखाची मला चटक लागली होती. इंदापूर तालुक्यातली एक मुलगी आली आणि माझी पद्धत बदलली.

तिचा प्रोजेक्ट म्हणजे शेकड्यांनी होणारा तोच: मातीतली ओल मोजून आपोआप पंप चालू-बंद करायचा. आर्डुइनो ऊनो, दोन दातांचा ओलाव्याचा प्रोब, रिले आणि छोटा पंप. पुण्याच्या तापकीर गल्लीत सगळं एका फेरीत मिळतं. घरामागच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात तिने तो लावला होता. मी म्हटलं, ‘‘बिघाड सांग.’’ तिने पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, ‘‘सर, मी वहीतून सांगू का? नाहीतर मला आधीच उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटतं.’’ माझी अडचण तिने माझ्याआधी ओळखली होती.

तिने सांगितलं ते असं. या प्रोबचा आकडा शून्य ते १०२३ असतो; माती कोरडी तर आकडा मोठा, ओली तर लहान. ६०० च्या वर गेला की पंप चालू. पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात वाफ्यात चिखल झाला तरी पंप थांबेना. तिला वाटलं, ६०० ही मर्यादाच चुकली. तिने ती ७०० केली. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा चिखल. आता तिचा संशय प्रोग्रॅमवर गेला. एक संध्याकाळ त्यात गेली, हाती काही लागलं नाही. वहीत त्या तारखेला लिहिलं होतं: ‘प्रोग्रॅममध्ये चूक असती तर पहिल्या दिवसापासून दिसली असती.’

मला या वाक्याचं मोल सर्वांत जास्त वाटतं. मुलगी विचार कसा करते हे त्यात दिसतं आणि मुलाखत घेणाऱ्याला तेवढंच हवं असतं. पण कारण आधी सांगून टाकलं की हे वाक्य गळून पडतं, कारण मग त्याची गरजच उरत नाही.

पुढे तिने प्रोब मातीतून काढला, धुतला आणि टाकीच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. वहीच्या पहिल्या पानावर नव्या प्रोबचा त्याच टाकीच्या पाण्यातला आकडा होता, ३२० च्या आसपास. आता ६४० आला. पाणी तेच, बोर्ड तोच, प्रोग्रॅम तोच. मातीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. दुसरा कोरा प्रोब त्याच पेल्यात घातला, तर पुन्हा ३३०. मग तिने जुना प्रोब उन्हात धरून पाहिला. एका दातावरचा तांब्याचा पट्टा काळा पडून झिजला होता, दुसरा जवळजवळ शाबूत. प्रोबमधून दिवसरात्र एकाच दिशेने वीज वाहत होती. ओल्या मातीत त्याने विद्युत अपघटन होतं आणि प्लसकडचं तांबं विरघळत जातं. तांबं कमी झालं की वीज कमी वाहते, आकडा चढतो आणि ओली मातीसुद्धा बोर्डाला कोरडी वाटते.

उपाय तिने साधा केला. प्रोबला कायमची वीज न देता बोर्डाच्या एका पिनवरून द्यायची, अर्ध्या तासाने एकदा, वाचन होईपर्यंत, मग बंद. झीज थांबली नाही, पण फार मंदावली. हे सांगून ती थांबली आणि स्वतःहून म्हणाली, ‘‘मी तीन आठवडेच पाहिलंय, सर. वर्षभर टिकेल असं म्हणता येणार नाही. आणि खत टाकलं की आकडा खाली जातो, त्याचं काही केलेलं नाही.’’

इथे माझा आणि क्लासवाल्यांचा उभा वाद आहे. ते पोरांना चार खणांचा साचा देतात: परिस्थिती, काम, कृती, फळ. व्यवस्थापनाच्या प्रश्नाला तो चालत असेल. बिघाडाला नाही, कारण चुकीच्या शंकेला त्यात खणच नाही. मग ‘काय शिकलात’ याला पोरं छापील उत्तर देतात: टीमवर्क, वेळेचं नियोजन. आणि जे तयार प्रोजेक्ट विकतात, त्यांच्याबद्दल मला चीडच आहे. विकत घेतलेला प्रोजेक्ट बिघडत नाही, कारण तो कोणी पंधरा दिवस चालवतच नाही. परीक्षकासमोर पाच मिनिटं दिवा लागतो आणि खोका कपाटात जातो. त्या मुलाकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि ते समोरच्याला पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

‘काय शिकलात’ याचं उत्तर ऐकताना मी आता एकच गोष्ट बघतो: पुढच्या कामात हात वेगळा चालला का? ती म्हणाली, ‘‘आता कुठलाही सेन्सर आणला की आधी ओळखीच्या वस्तूत त्याचा आकडा घेते आणि वहीत लिहून ठेवते.’’ पहिल्या पानावरचा ३२० योगायोगाने लिहिला गेला होता, हेही तिने सांगितलं. तो नसता तर तुलनेला काही नव्हतं.

तिच्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं, ‘‘दोन दातांपैकी कोणता झिजला होता?’’ ती म्हणाली, ‘‘प्लसकडचा.’’ ‘‘दिशा आलटून पालटून दिली असती तर?’’ ‘‘दोन्ही सारखे झिजले असते, पण हळू, असं वाटतं. करून पाहिलेलं नाही.’’ त्यानंतर वीसेक मिनिटं प्रोबवरच बोलणं चाललं. धातू उघडा नसलेला कपॅसिटिव्ह प्रोब का घेतला नाही, हेही निघालं. ‘‘तेव्हा तो असतो हेच माहीत नव्हतं,’’ म्हणाली. तिला घेतलं.

त्या उत्तरांतलं एकही मी घडवलेलं नव्हतं, आणि याचं मला काही दिवस वाईट वाटलं. आता मी उत्तरं घडवत नाही. पोरांकडून वही मागतो आणि तारखेच्या क्रमानेच बोलायला लावतो. चुकलेली शंका गाळून कोणी पुढे गेलं, की मागे आणतो. दोन मिनिटांत हे सारं बसत नाही, अशी तक्रार होते. बसतं. लक्षण, पहिली शंका, ती का टिकली नाही, कोणत्या चाचणीने उलगडलं, एवढंच ठेवायचं. घटकांची यादी गाळायची, ती टेबलापलीकडच्याला पाठ असते.

पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रोजेक्ट रिपोर्टात ‘निष्कर्ष’ या प्रकरणाआधी एक पान चुकलेल्या शंकांसाठी ठेवा, तारखेसह, आणि त्याला गुण द्या.